नांदेडला माल पाठवायचा आहे, भाडं किती पडेल? अंतर आणि वजनावर रिग्रेशन, पहिल्या पायरीपासून

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी काही वर्षं डिस्पॅच सांभाळायचो. दर दोन-चार दिवसांनी ऑफिसातून फोन यायचा, "अहो, अमुक गावाला साडेतीनशे किलो जायचंय, भाडं किती धरू?" त्या गावाला आधी माल गेला असेल तर बिल्टी काढून आकडा सांगायचा. नसेल तर अंदाज, म्हणजे मागच्या आठवड्यात हुबळीला काय पडलं होतं ते आठवून त्यात थोडं इकडंतिकडं. तो अंदाज वहीतल्या आकड्यांवरून रिग्रेशनने, म्हणजे सगळ्या आकड्यांच्या शक्य तितक्या जवळून जाणारी एक रेघ काढून, नीट कसा काढायचा, हे इथे एका उदाहरणावरून दाखवतो. लागणारं साहित्य एवढंच: एक स्प्रेडशीट आणि आपल्या जुन्या बिल्ट्या.

उदाहरणातलं भाडं आणि वजन सरावासाठी रचलेलं आहे. रस्त्याची अंतरं खऱ्याच्या जवळची आहेत, दहाच्या पटीत गोल केलेली. खऱ्या वहीत आकडे याहून जास्त विस्कटलेले निघतील, पण वाट हीच.

आधी वही साफ करा

शीटमध्ये चार स्तंभ करा. A मध्ये गाव, B मध्ये अंतर किलोमीटरमध्ये, C मध्ये वजन किलोमध्ये आणि D मध्ये भाडं रुपयांत. पहिली ओळ नावांची, दुसरीपासून माल.

| गाव | किमी | किलो | भाडं (₹) |
|---|---|---|---|
| भिवंडी | १५० | ३०० | १,४८० |
| नाशिक | २१० | १५० | १,२५० |
| कोल्हापूर | २३० | ५०० | २,१३० |
| सोलापूर | २५० | २०० | १,४२० |
| छ. संभाजीनगर | २३० | २५० | १,५३० |
| हुबळी | ४३० | ५०० | २,४९० |
| हैदराबाद | ५६० | ३०० | २,०८० |
| इंदूर | ५९० | ६०० | ३,१३० |
| नागपूर | ७१० | ४५० | २,८७० |
| बंगळूर | ८४० | ७५० | ४,०२० |

हा तक्ता भरताना ज्या चुका होतात त्या पुढे गणितात सापडत नाहीत, म्हणून इथेच थांबून बघा.

वजन कोणतं घ्यायचं? काट्यावरचं नाही, ज्या वजनावर भाडं लावलंय ते. थर्माकोलचे खोके किंवा प्लॅस्टिकच्या टाक्या पाठवल्या की ट्रान्सपोर्टवाला लांबी, रुंदी, उंची मोजून आकारमानाचं वजन काढतो, आणि ते काट्यापेक्षा जास्त भरलं तर तेच धरतो. बिल्टीवर दोन वजनं लिहिलेली असतील तर 'चार्जेबल' लिहिलेलं उचला. भाडं म्हणजे जीएसटी सोडून. घरपोच पोचवण्याचा किंवा विम्याचा आकार वेगळा लावला असेल तर तोही बाजूला काढा. काही ओळींत तो धरला आणि काहींत नाही, असं झालं की तो फरक अंतराच्या किंवा वजनाच्या माथी बसतो.

सगळ्यात महाग पडते ती चूक मीच एकदा केली आहे. पार्ट लोडच्या यादीत पूर्ण ट्रकाची एक खेप शिरली. पूर्ण ट्रकाचं भाडं ट्रकामागे ठरतं, त्यात दोनशे किलो कमी-जास्त झाले तरी कोणी विचारत नाही. पण शीटला हे कुठे माहीत? बाकी खेपा काहीशे किलोंच्या आणि ही एकटी काही हजारांची. तिने सगळी रेघ आपल्याकडे ओढून घेतली आणि किलोमागचा आकडा हास्यास्पद कमी दाखवला. तेव्हापासून वजनाचा स्तंभ आधी लहान-मोठा क्रम लावून बघतो. जी ओळ बाकीच्यांपासून फार लांब उभी असेल तिची बिल्टी हातात घेतल्याशिवाय पुढे जात नाही. आणखी एक: डिझेलचे किंवा ट्रान्सपोर्टचे दर बदलले असतील तर बदलाआधीच्या आणि नंतरच्या खेपा एकत्र करू नका.

गणिताआधी डोळ्यांनी बघा

तक्त्यात तीन जोड्या अशा आहेत की त्यांच्याकडे पाहून अर्ध्याहून जास्त गोष्ट कळते.

कोल्हापूर आणि संभाजीनगर दोन्ही २३० किलोमीटरवर. एकाला ५०० किलो, दुसऱ्याला २५०. भाड्यात फरक ६०० रुपये. अंतर सारखं आहे, म्हणजे तो फरक २५० किलोंचा: किलोला २.४० रुपये.

आता कोल्हापूर आणि हुबळी. दोन्हीकडे ५०० किलो. अंतरात २०० किलोमीटरचा फरक, भाड्यात ३६०. म्हणजे किलोमीटरला १.८० रुपये.

तिसरी जोडी भिवंडी आणि हैदराबाद. दोन्हीकडे ३०० किलो, अंतरात ४१० किलोमीटर, भाड्यात ६००. किलोमीटरला १.४६.

एक गोष्ट तशीच ठेवून दुसरी बदलली की काय होतं, हेच रिग्रेशन करतं. फक्त ते अशा सोयीच्या जोड्या शोधत बसत नाही, सगळ्या दहा ओळी एकदम घेतं. पण किलोमीटरचा दर एका जोडीत १.८० आणि दुसरीत १.४६ आला, हे लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

एकट्या वजनावर रेघ काढू नका

नवीन माणूस बहुतेक वेळा इथेच अडकतो. वाटतं, भाडं वजनावर तर असतं, मग वजन आणि भाडं एवढंच घेऊन रेघ काढू. काढून बघा:

```
=LINEST(D2:D11,C2:C11)
```

उत्तर येतं किलोमागे ४.४१ रुपये. R² काढला तर ०.८९, म्हणजे भाड्यातल्या चढउतारापैकी ८९ टक्के या एका रेघेत बसतो. दिसायला छान. पण आत्ताच कोल्हापूर-संभाजीनगरच्या जोडीने २.४० सांगितलं होतं. मग ४.४१ कुठून आलं?

तक्ता पुन्हा बघा. जड माल लांब गेलाय: बंगळूरला ७५०, इंदूरला ६००. हलका माल जवळ: नाशिकला १५०, सोलापूरला २००. कारण साधं आहे. लांबच्या गिऱ्हाईकाला थोडा-थोडा माल पाठवणं कोणालाच परवडत नाही, म्हणून ऑर्डर साठवून एकदम पाठवतात. त्यामुळे या वहीत वजन वाढतं तेव्हा बहुधा अंतरही वाढलेलं असतं. अंतर हिशेबातच घेतलं नाही तर त्याचा खर्च बिचाऱ्या वजनाच्या खात्यावर चढतो.

किती चढतो तेही मोजता येतं. या दहा ओळींत एक किलो जास्त असेल तर अंतर सरासरी ०.९३ किलोमीटर जास्त असतं. पुढे आपल्याला किलोमीटरचा दर १.७३ मिळणार आहे. ०.९३ गुणिले १.७३ म्हणजे सुमारे १.६०. वजनाचा खरा वाटा २.८२ येईल. २.८२ आणि १.६० मिळवा, ४.४१ च्या आसपास येतं. गोल आकड्यांमुळे पैशाचा फरक राहतो, बाकी हिशेब तंतोतंत जुळतो.

याचं नुकसान असं की कोल्हापूरच्या गिऱ्हाईकाने शंभर किलो वाढवले तर ऑफिस ४४१ रुपये जास्त धरेल. वही म्हणते, तिनशेच्याही आत पडतील.

दोन्ही एकदम

कोपऱ्यातल्या एखाद्या रिकाम्या घरात हे लिहा:

```
=LINEST(D2:D11,B2:C11,TRUE,TRUE)
```

गूगल शीट्समध्ये आणि नव्या एक्सेलमध्ये उत्तर आपोआप पसरतं. जुन्या एक्सेलमध्ये आधी पाच ओळी आणि तीन स्तंभ निवडून Ctrl+Shift+Enter दाबावं लागतं. पडद्यावर असं दिसेल (दशांश मी कमी केलेत):

```
2.816     1.725    388.8
0.183     0.145     55.2
0.995      71.6     #N/A
697.9         7     #N/A
7155913   35887     #N/A
```

इथे एक खोडी आहे. हे सूत्र सहगुणक, म्हणजे किमीला आणि किलोला गुणायचे आकडे, उलट्या क्रमाने देतं. आपण आधी किमी आणि मग किलो दिलं, पण पहिलं घर किलोचं आहे, दुसरं किमीचं, शेवटचं स्थिरांकाचं. हे न कळल्यामुळे किमीला २.८२ आणि किलोला १.७३ लावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. खात्री करायची सोपी रीत म्हणजे तक्त्यातली एखादी ओळ घालून बघणं. भिवंडीसाठी ३८८.८ + १.७२५ × १५० + २.८१६ × ३०० म्हणजे सुमारे १,४९२. खरं भाडं १,४८०. जवळ आलं. उलट लावलं असतं तर १,३२९ आलं असतं, आणि हैदराबादला तर फरक आणखी मोठा दिसला असता.

तर आपलं समीकरण:

भाडं = ३८८.८ + १.७२५ × किमी + २.८१६ × किलो

आकडे वाचायचे कसे

२.८१६ म्हणजे: अंतर तेवढंच असेल आणि माल एक किलोने जास्त असेल तर भाडं सरासरी २.८२ रुपये जास्त. यातलं 'अंतर तेवढंच असेल' हे सोडून दिलं की वाक्य खोटं होतं. १.७२५ चंही तसंच: वजन तेवढंच ठेवून एक किलोमीटर जास्त गेलं तर १.७३ रुपये.

हे ट्रान्सपोर्टवाल्याचं दरपत्रक नाही. त्याच्याकडे बहुधा गावागावाचा किलोचा दर असतो. आपण त्याच्या सगळ्या दरांचं मिळून एक सरासरी चित्र काढलंय. वाटाघाटीत "तुमचा किलोचा दर २.८२ आहे" असं म्हणालात तर तो हसेल.

दुसऱ्या ओळीतले आकडे प्रत्येक सहगुणकाची डळमळ सांगतात. किलोसाठी ०.१८३. तिला २.३६५ ने गुणा आणि २.८१६ च्या दोन्ही बाजूंना लावा: २.३८ ते ३.२५. वजनाचा खरा वाटा या पट्ट्यात असावा, एवढंच दहा ओळी ९५ टक्के भरवशाने सांगू शकतात. किमीसाठी तसंच १.३८ ते २.०७. पट्टा बराच रुंद आहे, कारण ओळी दहाच आहेत आणि अंतर व वजन हातात हात घालून चालतात, म्हणून कोणाचा वाटा किती हे वेगळं काढणं जड जातं. २.३६५ हा आकडा कुठून आला? चौथ्या ओळीत जो ७ दिसतो, तो दहा ओळींतून तीन सहगुणक वजा करून उरलेला. त्यावरून शीटच हा आकडा देते:

```
=T.INV.2T(0.05,7)
```

राहिला ३८८.८. शून्य किलोमीटर, शून्य किलोचं हे भाडं. अशी खेप नसतेच. बिल्टीचा आकार, हमाली, कारखान्यातून माल उचलणं असं काहीबाही त्यात असेल, पण "आपला ठरलेला खर्च ३८९ रुपये" असं कागदावर लिहू नका. आपल्याकडची सगळ्यात जवळची खेप १५० किलोमीटरची, सगळ्यात हलकी १५० किलोची. तिथून शून्यापर्यंत रेघ आपण नुसती लांबवली आहे. थोड्या वेळाने हाच आकडा ६१७ होणार आहे, तेव्हा हे पटेल.

तिसऱ्या ओळीत ०.९९५ हा R². त्याने हुरळून जाऊ नका. रोजच्या कामात त्याच्या शेजारचा ७१.६ जास्त उपयोगाचा आहे. आपलं समीकरण आणि खरं भाडं यांच्यात साधारण सत्तर-बहात्तर रुपयांची तफावत राहते, असं तो सांगतो. ऑफिसला R² कळत नाही, सत्तर रुपये कळतात.

आता नांदेड

भोसरीहून नांदेड साधारण ४५० किलोमीटर, माल ३५० किलो.

३८८.८ + १.७२५ × ४५० + २.८१६ × ३५०
= ३८८.८ + ७७६.३ + ९८५.६
= सुमारे २,१५१ रुपये

इथेच थांबून फोनवर "२,१५१" सांगितलं तर काम अर्धं झालं. पुढची एखादी खेप नेमकी रेघेवर पडत नाही. तिची तफावत ७१.६ च्या आसपासची, आणि रेघ स्वतःही थोडी हलती. दोन्ही मिळून पट्टा असा काढतात: ७१.६ ला २.३६५ ने गुणायचं आणि मग (१ + १/१०) च्या वर्गमुळाने, म्हणजे १.०४९ ने. उत्तर येतं १७८. ही सोपी रीत खेप तक्त्याच्या मध्याजवळ असेल तेव्हाच चालते. आपलं सरासरी अंतर ४२०, सरासरी वजन ४००, आणि नांदेड ४५० व ३५०, म्हणजे जवळच. पूर्ण सूत्राने १८० येतं, दोन रुपयांचा फरक.

म्हणून ऑफिसला सांगायचं ते असं: अंदाज २,१५०, आणि १,९७० ते २,३३० च्या मध्ये काहीही आलं तर आश्चर्य नको. ट्रान्सपोर्टवाल्याने २,६०० सांगितले तर भांडू नका, आधी विचारा. बहुतेक वेळा घरपोच पोचवण्याचा आकार आत धरलेला निघतो, किंवा माल मध्ये दुसऱ्या गाडीत चढवावा लागणार असतो.

मध्यापासून लांब गेलं की काय होतं तेही बघा. बंगळूरला १५० किलो. ८४० किलोमीटर तक्त्यात आहे, १५० किलोही आहे. दोन्ही वेगवेगळे बघितले तर मर्यादेत. पण 'इतकी लांब आणि इतकी हलकी' अशी एकही खेप आपल्या वहीत नाही. समीकरण बिनधास्त २,२६१ सांगतं. पूर्ण सूत्राने पट्टा काढला तर तो दोन्ही बाजूंना २९५ रुपयांचा निघतो, नांदेडच्या दीडपटीहून मोठा. आणि हा पट्टासुद्धा समीकरणाचा आकार बरोबर आहे असं धरूनच काढलेला. तो बरोबर आहे का?

उरलेला फरक बोलतो

E स्तंभात समीकरणाचा अंदाज काढा आणि F मध्ये खरं भाडं वजा अंदाज. हा दहा मिनिटांचा उद्योग बहुतेक जण करत नाहीत, आणि सगळी मजा तिथेच आहे.

| गाव | कशी खेप | खरं वजा अंदाज (₹) |
|---|---|---|
| नाशिक | जवळ, हलकी | +७६ |
| संभाजीनगर | जवळ, हलकी | +४० |
| सोलापूर | जवळ, हलकी | +३७ |
| भिवंडी | जवळ, थोडी हलकी | −१३ |
| कोल्हापूर | जवळ, जड | −६४ |
| हुबळी | मध्यावर, जड | −४९ |
| नागपूर | लांब, मध्यम | −११ |
| हैदराबाद | लांब, हलकी | −१२० |
| इंदूर | लांब, जड | +३३ |
| बंगळूर | लांब, जड | +७० |

जवळ-हलकी आणि लांब-जड या दोन टोकांना समीकरण कमी सांगतंय. जवळ-जड आणि लांब-हलकी इथे जास्त. भिवंडीची एक ओळ सोडली तर हा नमुना सरळ दिसतो. तफावत नुसती योगायोगाची असती तर अधिक-उणे असे कप्प्यात बसले नसते.

यामागचं कारण गाडी चालवणाऱ्या कोणालाही सांगता येईल. आपलं समीकरण म्हणतं की एक जास्तीचा किलोमीटर १.७३ रुपयांचा, मग गाडीत आपले १५० किलो असोत की ७५०. पण ७५० किलो एक किलोमीटर पुढे न्यायला जास्त पडणारच, गाडीतली जास्त जागा अडते. अंतर आणि वजन नुसते मिळवले जात नाहीत, काही अंशी गुणले जातात. सुरुवातीच्या जोड्या आठवा: ३०० किलोंना किलोमीटर १.४६ ने, ५०० किलोंना १.८० ने. वहीने हे आधीच सांगितलं होतं.

मग तो गुणाकार आत घेऊ. आधी E आणि F मधली कामं पुसा. C नंतर एक नवा स्तंभ घाला. D2 मध्ये `=B2*C2` लिहून खाली ओढा. भाडं आता E मध्ये सरकलं.

```
=LINEST(E2:E11,B2:D11,TRUE,TRUE)
```

या वेळी चार स्तंभांत उत्तर येईल, पुन्हा उलट्या क्रमाने. सरळ करून लिहिलं तर:

भाडं = ६१७.२ + १.१३८ × किमी + २.२२८ × किलो + ०.००१२७७ × किमी × किलो

पहिली गोष्ट, १.७२५ चं १.१३८ झालं म्हणून किलोमीटर स्वस्त झाला असं वाचू नका. या समीकरणात १.१३८ हा शून्य किलोंचा किलोमीटर आहे. खऱ्या खेपेचा दर काढायला वजन घालावं लागतं. ३०० किलोंना १.१३८ + ०.००१२७७ × ३०० म्हणजे १.५२. ५०० किलोंना १.७८. ७५० किलोंना २.१०. जोड्यांतल्या १.४६ आणि १.८० च्या शेजारी हे ठेवून बघा. आणि स्थिरांक ३८९ वरून ६१७ वर गेला. ३८९ ला कागदावर 'ठरलेला खर्च' लिहिला असता तर आता काय केलं असतं?

तफावत ७१.६ वरून ४१.२ वर आली. नांदेडचा अंदाज आता २,११० आणि पट्टा २,००० ते २,२२० (आता ओळी दहा, सहगुणक चार, उरले सहा, म्हणून २.३६५ ऐवजी २.४४७ ने गुणलंय). पहिल्या उत्तरापासून चाळीस रुपये खाली, म्हणजे नांदेडसाठी दोन्हींतलं कोणतंही चाललं असतं. पण बंगळूरच्या १५० किलोंना पहिलं समीकरण २,२६१ सांगत होतं, हे २,०६८ सांगतं. जिथे वहीत ओळ नाही तिथे समीकरणाचा आकार बदलला की उत्तर असं सरकतं.

या नव्या आकड्यावर किती भिस्त ठेवायची

थोडीच. एक चाचणी करा: बंगळूरची ओळ पुसा आणि पुन्हा चालवा. ०.००१२७७ चं जवळजवळ ०.००२५ होतं, दुप्पट. कारण लांब आणि खूप जड अशी ती एकटीच खेप आहे, गुणाकाराचा हिशेब बराचसा तिच्या खांद्यावर उभा आहे. चिन्ह मात्र अधिकच राहिलं. म्हणजे गुणाकाराचा परिणाम आहे असं म्हणायला हरकत नाही, पण "टन-किलोमीटरला १.२८ रुपये" असा दर करून तो कोणाला दाखवायला मी तयार होणार नाही.

दहा ओळींत चार सहगुणक बसवणं मुळात ताणलेलं काम आहे. इथे ते दाखवण्यापुरतं केलं. खऱ्या कामाला चाळीस-पन्नास बिल्ट्या तरी असाव्यात, आणि त्या कोणत्या हे त्यांच्या संख्येइतकंच महत्त्वाचं. आणखी वीस जवळच्या हलक्या खेपा मिळवून फारसं काही हाती लागत नाही. हव्या असतात त्या लांब-हलक्या आणि जवळ-जड, कारण अंतर आणि वजन एकमेकांपासून वेगळे काढायला त्याच मदत करतात. आपल्याकडे अशा नसतील तर शेजारच्या गाळ्यातल्या डिस्पॅचवाल्याच्या बिल्ट्या मागा. ट्रान्सपोर्ट एकच असेल तर चालतात.

आणि दोन ठिकाणी हे समीकरण वापरूच नका. पन्नास किलोंच्या खालच्या पार्सलांना बहुतेक ट्रान्सपोर्ट किमान वजन लावतात, तिथे भाडं सपाट होतं आणि रेघ त्याच्या खालून जाते. वरच्या टोकाला, माल इतका झाला की पूर्ण गाडी करणं स्वस्त पडतं, तिथून पुढे किलोचा हिशेब संपतो. ती सीमा कुठे येते ते समीकरण सांगत नाही. त्यासाठी पूर्ण गाडीचं भाडं फोन करून विचारायचं, आणि समीकरणाचा आकडा त्याच्या वर गेला की गाडीच ठरवायची.